ब्रह्मगिरीची फेरी आणि शून्य विस्थापन

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी गर्दी लोटते. कुशावर्तात स्नान करून निघायचं, डोंगर उजव्या हाताला ठेवत सुमारे २० किलोमीटर चालायचं आणि परत कुशावर्तावर यायचं. समजा, ही फेरी कोणी ५ तासांत पुरी केली. सरासरी चाल झाली ताशी ४ किलोमीटर. सरासरी वेग मात्र शून्य! वेग काढताना चाललेलं अंतर नव्हे, तर विस्थापन धरतात, म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथवरची सरळ रेघ आणि तिची दिशा. इथे निघालो तिथेच पोचलो.

अंतर आणि चाल या अदिश राशी, विस्थापन आणि वेग या सदिश. अकरावीच्या पुस्तकातली ही व्याख्या पाठ असते, पण खरी गंमत बेरजेत आहे.

सोयीसाठी वाट अगदी वर्तुळाकार आणि सपाट मानू. प्रत्यक्षात ती तशी नाही, चढउतारही आहेत. पण हिशेब समजायला एवढं पुरे. परीघ २० किलोमीटर, म्हणून त्रिज्या सुमारे ३.२. कुशावर्त या वर्तुळाच्या पूर्व टोकाला धरू. पहिले ५ किलोमीटर चालून आपण दक्षिण टोकाला येतो. इथवरचं विस्थापन ४.५ किलोमीटर, नैर्ऋत्येला. आणखी ५ किलोमीटरनी पश्चिम टोक येतं. या टप्प्याचंही विस्थापन ४.५, पण वायव्येला.

अंतरांची बेरीज सरळ आहे, ५ आणि ५ मिळून १०. विस्थापनांची बेरीज मात्र ९ येत नाही, ६.४ येते. का? पहिल्या टप्प्यात आपण ३.२ किलोमीटर पश्चिमेला आणि तेवढेच दक्षिणेला सरकलो, दुसऱ्यात ३.२ पश्चिमेला आणि तेवढेच उत्तरेला. दक्षिण आणि उत्तर एकमेकांना खाऊन टाकतात, पश्चिमेचे दोन घटक उरतात. म्हणून अर्ध्या फेरीला, अडीच तासांनी, सरासरी वेग ताशी सुमारे अडीच किलोमीटर, पश्चिमेकडे. चाल तीच, ताशी ४.

परीक्षेत मुलं घसरतात ती इथेच. सरासरी चाल म्हणजे सरासरी वेगाचं परिमाण, असं ती धरून चालतात. हे खरं ठरतं ते सरळ रेषेत, मागे न वळता चाललात तरच. वाट वळली की चालीचा आकडा मोठा निघतो. एखाद्या क्षणाचा वेग घेतला, तर मात्र त्याचं परिमाण त्या क्षणाच्या चालीइतकंच असतं. फेरीभर कुठल्याही क्षणी वेग शून्य नव्हता, दिशा तेवढी बदलत गेली.

‘दिशा असली की सदिश’ ही समजूतही अपुरी आहे. राशींची बेरीजही विस्थापनांसारखी, घटकांच्या हिशेबाने व्हायला हवी. विद्युतधारेला तारेतून वाहण्याची दिशा असते, तरी ती अदिशच. तारांच्या जोडाशी २ आणि ३ अँपिअरच्या धारा येऊन मिळाल्या, तर तारांमधला कोन कितीही असो, पुढे ५ अँपिअरच जातात.