पुडी, पाणी आणि चौदा दिवस
शेजारभाषांचा व्यवहार : लेखांक सहावा

मागील लेखांकात छापील पत्रकांच्या तर्जुम्याचा विचार केला. आज त्याच मजकुराचा ध्वनिमसुदा करावयाचा झाला तर काय बदलते, ते पाहावयाचे आहे. पत्रक वाचणारा अडलेल्या ओळीकडे परत जाऊ शकतो. परंतु भोंग्यातून किंवा भ्रमणध्वनीवरून आलेले वाक्य एकदा कानांवरून गेले की गेले, आणि त्या एका श्रवणात जे हाती लागले नाही ते श्रोत्याच्या दृष्टीने सांगितलेच गेले नाही. म्हणून बिहारातील सारण, सिवान व भोजपूर या जिल्ह्यांसाठी बालकांच्या अतिसारावरील एक मिनिटाचा हिंदी मसुदा भोजपुरीत कसा उतरवावा, एवढेच उदाहरण आज सविस्तर घेऊ.

दप्तरात तयार होणाऱ्या हिंदी मसुद्याचे वाक्य सामान्यतः असे असते : ‘दस्त होने पर बच्चे को ओआरएस का घोल निर्धारित मात्रा में पिलाएँ तथा चौदह दिनों तक ज़िंक की गोली दें।’ व्याकरणदृष्ट्या त्यात काही उणे नाही, आणि सारणमधील गृहिणीला त्यातील बहुतेक शब्द परिचितही असतात. तथापि ज्या ठिकाणी तिला कृती करावयाची आहे, नेमक्या त्याच ठिकाणी ‘निर्धारित मात्रा’ हा शब्दप्रयोग येऊन काहीच न सांगता निघून जातो. येथे अननुभवी अनुवादक ‘है’च्या जागी ‘बा’ आणि ‘बच्चे’च्या जागी ‘लइका’ घालून काम उरकतो. परिणामी वाक्याचा सांगाडा हिंदीचाच राहतो, आणि ऐकणाऱ्यास ती बोली आपली नसून आपल्यासाठी कोणीतरी धारण केलेले सोंग आहे, असे तत्काळ कळते.

वास्तविक मूळ वाक्यात तीन स्वतंत्र आज्ञा कोंबलेल्या आहेत : घोल कसा करावा, तो केव्हा पाजावा, आणि गोळी किती दिवस द्यावी. भोजपुरीत त्या सुट्या कराव्या लागतात : ‘लइका के पेट चले लागल? त एक लीटर साफ पानी लीं, आ पूरा पुड़िया घोरीं। आधा ना, पूरा। जेतना बेर पतला पैखाना होखे, ओतना बेर पियाईं। आ जिंक के गोली चौदह दिन। पेट ठीक हो गइल, तबो चौदह दिन।’ प्रारंभीचा प्रश्न हा अलंकार नव्हे. अट आधी आणि उपाय मागून, हा बोलण्याचा क्रम त्यामुळे साधतो. ‘जेतना–ओतना’ ही जोडी श्रोत्याला वाक्याच्या मध्यावरच उत्तरार्धाची वाट पाहावयास लावते, म्हणून तो हरवत नाही. शेवटची पुनरुक्तीही वैद्यकीय कारणासाठीच आहे, कारण जुलाब थांबताच गोळी बंद करण्याकडे घरोघरी कल असतो, आणि ही एक चूक टाळता यावी यासाठीच तो आकडा दोनदा उच्चारला जातो.

यानंतरचा प्रश्न असा की हे वाक्य कोणी कोणाला म्हणावे. भोजपुरीत आज्ञार्थाच्या पायऱ्या आहेत : ‘तें कर’, ‘तू करऽ’ आणि ‘रउआ करीं’. घरात तान्ह्याला काय पाजावयाचे याचा निर्णय पुष्कळदा सासू देते. म्हणून मसुद्यातील निवेदकाचा अमूर्त आवाज काढून टाकून आशा कार्यकर्ती सासूशी बोलते आहे अशी योजना केली, तर ‘ए चाची, रउआ पियाईं’ हे रूप आपोआप ठरते, आणि सासूने सुनेकडे वळून ‘ए दुलहिन, पियावऽ’ म्हटले की तीच सूचना दुसऱ्यांदा, परंतु घरच्या अधिकाराने ऐकू येते. येथे लेखनाचा एक बारीक धोका संभवतो. ‘करऽ’मधील अवग्रह हा ‘अ’ लांबविण्याची खूण आहे. टंकलेखनात तो गळाला, तर हिंदीच्या सवयीचा निवेदक ‘कर’ असे तोडून वाचतो, आणि आपुलकीने केलेली सूचना उर्मट हुकमासारखी लागते. म्हणून मसुद्याच्या प्रत्येक प्रतीत अवग्रह शाबूत आहेत की नाहीत, याची तपासणी ध्वनिमुद्रणापूर्वी झालीच पाहिजे.

बोलीचे प्रेम काही ठिकाणी आवरावे लागते. ‘एक लीटर’ऐवजी ‘एक लोटा’ म्हणण्याचा मोह होतो, कारण लोटा घरोघरी आहे. परंतु त्याचा आकार घरोघरी निराळा आहे. एक लिटरच्या पुडीतील अर्धी भुकटी पाव लिटरच्या पेल्यात विरघळविली, तर घोल दुप्पट तीव्र होतो, आणि ती तीव्रता बालकास अपायकारक ठरू शकते. म्हणून तेथे लिटरची बाटलीच सांगावी. शिवाय बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात, तेव्हा त्या इलाख्यात प्रत्यक्ष कोणती पुडी वाटली जाते, याची खात्री करून घेतल्याविना आकडा लिहू नये. तसेच ‘ज़िंक’चे ‘जस्ता’ करणे कोशाप्रमाणे बरोबर असले, तरी जस्ता म्हणजे भांड्यांची व पत्र्याची धातू, ती लेकराला चारावयाची अशी धास्ती उत्पन्न होते. म्हणून ‘जिंक के गोली’ हेच नाव राहू द्यावे. गोळीचे प्रमाणही वयावर अवलंबून असते : दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. २० मिलिग्रॅमच्या गोळीचा हिशेब धरला, तर लहान बालकास अर्धी आणि मोठ्यास पुरी गोळी द्यावयाची, आणि ‘अर्धी–पुरी’ असेच मसुद्यात यावे. मिलिग्रॅम हा शब्द आकाशवाणीवरून ऐकून कोणी मोजत नाही.

अशा रीतीने वाक्ये सुटी केली व पुनरुक्ती आणली की मजकूर फुगतो. मिनिट मात्र मिनिटच राहते. सावकाश बोलीत एका मिनिटास शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे जाता येत नाही, तेव्हा काही तरी गाळणे भाग पडते. प्रथम जावे ते ‘स्वास्थ्य विभाग की ओर से’ यासारखे उपोद्घात, त्यानंतर रोगाची कारणमीमांसा. परंतु पाण्याचे प्रमाण, पाजण्याची वेळ, चौदा दिवस, दूध चालू ठेवणे, आणि डोळे खोल गेले किंवा मूल पाणी पीत नाही तर तत्काळ दवाखाना गाठणे, या पाच गोष्टींना हात लावता येत नाही.

भोजपुरीही एकच नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिचे पोटभेद वेगळे नोंदविले आहेत, आणि सारणचा ‘बा’ बनारसकडे ‘हौ’ होतो. म्हणून एका जिल्ह्यासाठी ध्वनिमुद्रित केलेली प्रत दूरच्या जिल्ह्यात वाजविल्यास ती कळते, पण परकी वाटते. मराठी कानास ‘गइल’, ‘कइल’ यांतील भूतकाळाचा ‘ल’ आपल्या ‘गेले’, ‘केले’ यांच्या जवळचा वाटतो. परंतु ह्या साम्यामुळे आपण ती भाषा जाणतो असा समज मात्र करून घेऊ नये, कारण वाक्याची लय शब्दरूपांवरून कळत नाही.

अखेरची मखलाशी दप्तरात नव्हे, अंगणात होते. ज्यांच्यासाठी मसुदा लिहिला त्या पाच-सात स्त्रियांना तो एकदाच ऐकवावा, आणि ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सौजन्याखातर नेहमी होकारार्थीच येते. त्यांच्यापुढे पुडी व बाटली ठेवून घोल करावयास सांगावे, आणि मग विचारावे : ‘जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर पुढे किती दिवस द्याल?’ उत्तर ‘अकरा’ आले, तर वाक्याने आपले काम केले. उत्तर ‘आता कशाला?’ असे आले, तर दोष श्रोत्याचा न धरता ‘तबो’ हा शब्द अधिक ठळकपणे उच्चारावा, व पुन्हा ऐकवावे. लय साधली की नाही याचीही एक खूण आहे : ऐकून झाल्यावर स्त्रियांनी ते वाक्य एकमेकींना आपल्या शब्दांत सांगताना निवेदकाचाच क्रम राखला, तर तो त्यांच्या बोलण्यात बसला असे समजावे, क्रम उलटला, तर मसुदाच उलटून लिहावा.

पुढील लेखांकात अशाच मसुद्याचे मैथिलीतील रूप पाहू, कारण तेथे आदराच्या पायऱ्या क्रियापदात अधिक गुंतागुंतीच्या होतात.