आयएनआर २ झाला, तरी इंजेक्शन चालूच

विळीवर बोट कापलं की आधी धावतात त्या प्लेटलेट्स. फाटलेल्या रक्तवाहिनीतलं कोलॅजन उघडं पडतं, त्या त्याला चिकटतात, आणखी प्लेटलेट्सना बोलावतात आणि भोकाला बूच बसतं. पण हे बूच कच्चं. त्यावर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी लागते आणि ती थ्रॉम्बिनमुळे विणली जाते. थ्रॉम्बिन बनतं प्रोथ्रॉम्बिनपासून, म्हणजे दुसऱ्या घटकापासून. त्याआधी सातवा, नववा, दहावा घटक एकमेकांना जागं करतात. (क्रमांक कामाच्या क्रमाने नाहीत, परीक्षार्थींचा घोळ तिथेच होतो.)

आता पायाच्या शिरेत गुठळी झालेला रुग्ण घ्या. त्याला वॉरफेरिन द्यायचं ठरलं, तर हेपारिनचं इंजेक्शन आणि वॉरफेरिनची गोळी एकदमच सुरू होते. हेपारिन रक्तातल्या अँटीथ्रॉम्बिनला बळ देऊन थ्रॉम्बिन आणि दहावा घटक लगेच अडवतं. वॉरफेरिन मात्र तयार घटकांना हातही लावत नाही. ते यकृतात के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर रोखतं, म्हणून हे चारही घटक नव्याने बनतात ते अर्धवट. जुने संपेपर्यंत थांबावंच लागतं. सातवा घटक सुमारे ६ तासांत निम्मा होतो. प्रोथ्रॉम्बिनला अडीच-तीन दिवस लागतात.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी आयएनआर २.१ आला, तरी तो मुख्यतः सातवा घटक घटल्याचंच सांगतो. शिवाय गुठळीला आवर घालणारं प्रोटीन सीसुद्धा के जीवनसत्त्वावरच अवलंबून असतं आणि तेही लवकर संपतं. म्हणून इंजेक्शन किमान ५ दिवस, आणि आयएनआर २४ तास २ च्या वर टिकेपर्यंत.