उत्तर हाती आहे, मग संगणक अजून काय शोधतोय?

मार्च २००३ मध्ये डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ केल्ड हेल्सगॉन यांना स्वीडनमधल्या २४,९७८ गावा-शहरांमधून एकेकदा जाऊन मूळ जागी परतणारा एक मार्ग सापडला. लांबी सुमारे ७२,५०० किलोमीटर. याहून आखूड मार्ग असूच शकत नाही, हे सिद्ध व्हायला मात्र मे २००४ उजाडला. दरम्यान त्या मार्गात तसूभरही फरक पडला नव्हता. बदलत होता तो दुसराच आकडा: ‘कोणताही मार्ग निदान इतका लांब असणारच’ ही हमी. ती कणाकणाने वर सरकत मार्गाच्या लांबीला येऊन भिडली, तेव्हा काम संपलं. एकाच प्रोसेसरवर केलं असतं, तर या सिद्धतेला सुमारे ८५ वर्षं लागली असती.

ट्रकचे फेरे, कारखान्यातल्या पाळ्या, वीजकेंद्रं कधी चालू ठेवायची याचं वेळापत्रक, असे प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला सॉल्व्हर म्हणतात. या प्रश्नांत काही उत्तरं पूर्णांकांतच लागतात. अडीच ट्रक पाठवता येत नाहीत. सॉल्व्हर चालू असताना पडद्यावर हेच दोन आकडे शेजारी शेजारी धावत असतात. एक म्हणजे आतापर्यंत सापडलेली सर्वांत स्वस्त योजना. दुसरा बाउंड, म्हणजे ज्याच्या खाली खर्च जाऊच शकत नाही ती पातळी. दोहोंतलं अंतर म्हणजे गॅप.

बाउंड येतो कुठून? सॉल्व्हर आधी पूर्णांकांची अट सैल करतो आणि २.३ ट्रक चालतील असं धरून हिशेब मांडतो. सवलत दिलेला हा खर्च खऱ्या खर्चाहून जास्त असू शकत नाही. मग तो वाटा फोडतो: एका फांदीवर ‘दोन किंवा कमी ट्रक’, दुसरीवर ‘तीन किंवा जास्त’. प्रत्येक फांदीवर पुन्हा तोच हिशेब. ज्या फांदीचा सवलतीतला खर्चसुद्धा हातातल्या योजनेपेक्षा महाग निघतो, ती छाटून टाकायची. उरलेल्या फांद्यांमधला सर्वांत कमी खर्च हाच त्या क्षणीचा बाउंड. ही पद्धत एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० मध्ये मांडली. आजच्या सॉल्व्हरमध्ये तिच्याभोवती पुष्कळ काही रचलेलं आहे, पण गाभा तोच.

समजा, एका वितरकाने महिन्याच्या वाहतुकीचा खर्च कमीत कमी करायला सॉल्व्हर लावला आणि पडद्यावर हे उमटलं. खर्च रुपयांत आहे.

```
Incumbent   BestBd    Gap     Time
1000000     870000    13.0%   5s
 940000     895000    4.79%   40s
 922000     904000    1.95%   300s
 920000     907000    1.41%   1800s
 920000     908000    1.30%   7200s
```

पहिला रकाना हातातल्या योजनेचा, दुसरा बाउंडचा. शेवटच्या ओळीवर बहुतेकांची चूक होते: गॅप १.३० टक्के आहे, म्हणजे आपली योजना तेवढी वाईट आहे, असं त्यांना वाटतं. ओळ तसं म्हणत नाही. योजना आणखी सुधारली तरी बचत १२,००० रुपयांहून जास्त होणार नाही, एवढंच ती सांगते. कदाचित ९,२०,००० हाच सर्वांत कमी खर्च असेल आणि उरली असेल ती फक्त सिद्धता. स्वीडनच्या मार्गाचं तसंच झालं होतं.

म्हणून गॅप कुणामुळे घटतोय हे आधी पाहावं. पाचव्या मिनिटापासून तिसाव्या मिनिटापर्यंत गॅप ५,००० रुपयांनी कमी झाला; त्यातले २,००० योजनेने कमावले, ३,००० बाउंडने. पुढच्या दीड तासात योजना जागची हलली नाही, बाउंड जेमतेम १,००० रुपये चढला. याच वेगाने उरलेले १२,००० कापायला १८ तास लागतील, आणि वेग शेवटाकडे बहुधा मंदावतोच.

आता थांबायचं का, याचं उत्तर पडद्यावर नाही. ते वितरकाच्या वहीत आहे. दुकानांच्या मागणीचा अंदाजच पाच टक्के इकडे-तिकडे होत असेल, तर १.३ टक्क्याच्या मागे रात्र घालवण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासानंतर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण हाच हिशेब गोदामाची जागा ठरवण्यासाठी असेल आणि दर महिन्याचे १२,००० दहा वर्षं पणाला लागणार असतील, तर रक्कम १४,४०,००० होते. तिथे संगणक रात्रभर चालू ठेवणंच योग्य.

टक्केवारी आणखी एका प्रकारे फसवते. गुरोबी आणि हायग्ज या दोन्ही सॉल्व्हरमध्ये काही सांगितलं नाही, तर गॅप ०.०१ टक्क्यावर आला की शोध थांबतो. आपल्या उदाहरणात हे म्हणजे ९२ रुपये. पण कुणी हिशेब पूर्ण दिसावा म्हणून ५ कोटी रुपयांचे पगारही त्याच बेरजेत घातले तर? पगार कोणत्याही योजनेत तेवढेच, निर्णयाशी त्यांचा संबंध नाही. तरीही भाजक ५,०९,२०,००० होतो. तेच १२,००० रुपयांचं अंतर आता ०.०२४ टक्के दिसतं आणि सॉल्व्हर ५,०९२ रुपयांचं अंतर शिल्लक असतानाच ‘सर्वोत्तम उत्तर मिळालं’ असं जाहीर करतो. उलट, जिथे नफा शून्याच्या आसपास आहे, तिथे किरकोळ फरकाचा गॅप ४०० टक्केही दिसू शकतो. टक्क्यांचे रुपये करून पाहणं हाच यावर उपाय.

बाउंड अगदी सुरुवातीपासून तळाशीच चिकटून बसला असेल, तर दोष बहुधा वेळेचा नसून मांडणीचा असतो. ‘ट्रक घेतला नाही तर माल शून्य’ ही अट लिहिताना ट्रकची क्षमता म्हणून सवयीने १,००,००० किलो लिहिले जातात; खरी क्षमता असते ९,००० किलो. मग सवलतीच्या हिशेबात ९,००० किलो माल ०.०९ ट्रकमध्ये मावतो आणि बाउंडमध्ये ट्रकच्या भाड्याचा जेमतेम नऊ टक्के वाटा धरला जातो. तो आकडा ९,००० केला की बाउंड पहिल्याच हिशेबात वर येतो. हे न करता आणखी दहा तास वाट पाहणं म्हणजे संगणकाला आपली चूक हजारो फांद्यांवर निस्तरायला लावणं. मांडणी नेटकी असूनही बाउंड हलत नसेल, तर गुरोबीत `MIPFocus=3` देऊन सॉल्व्हरची ताकद बाउंडकडे वळवता येते. योजनाच चांगली सापडत नसेल, तर `MIPFocus=1`.

अमेरिकेत उद्या कोणती वीजकेंद्रं चालवायची हे बाजार चालवणाऱ्या संस्था अशाच सॉल्व्हरने ठरवतात. निकाल ठरल्या वेळी जाहीर करावाच लागतो, त्यामुळे थोडा गॅप उरला तरी शोध थांबवतात. रमतीन सिओशान्सी, रिचर्ड ओनील आणि श्मुएल ओरेन यांनी २००८ मध्ये दाखवलं की गॅपच्या आत बसणाऱ्या, एकूण खर्चात जवळजवळ सारख्या असलेल्या दोन योजनांमध्येही एखाद्या वीजकेंद्राची कमाई खूप वेगळी निघू शकते. एका योजनेत जे केंद्र दिवसभर चालतं, ते दुसरीत बंदच राहतं. एकूण खर्च दोन्हींत जवळपास तोच असल्यामुळे गॅपच्या रकान्यात याचा मागमूस लागत नाही. कुणाच्या वाट्याला काय आलं हे योजना उघडून, एकेका केंद्रासमोरचा आकडा वाचूनच कळतं.