येत होतं, तरी सुचेना

बारावीची पूर्वपरीक्षा, भौतिकशास्त्राचा पेपर. कल्याणीने प्रश्नपत्रिका उघडली आणि नजर थेट बँकिंग ऑफ रोड्सच्या डेरिव्हेशनवर गेली. (नाव आणि गोष्ट कल्पित आहे, पण अशी एखादी मुलगी बहुतेक वर्गांत असते.) कललेल्या वळणावरून गाडी जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकेल, ते सिद्ध करायचं होतं. आदल्या रात्रीच वाचलेलं. तिने आकृती काढली, वजनाचा बाण दाखवला, आणि घर्षणाचा बाण उताराच्या दिशेने खाली की वर, इथे पेन अडलं. हात घामेजले. मागच्या बाकावरून कोणीतरी पुरवणी मागितली आणि उरलंसुरलंही डोक्यातून गेलं. ७० गुणांच्या त्या पेपरातली पहिली चाळीस मिनिटं त्या एका बाणापाशी गेली. पेपर संपवून ती रिक्षा स्टँडवर उभी राहिली, तेव्हा उत्तर आपसूक आठवलं: वेग जास्तीत जास्त असताना गाडी वर घसरू पाहते, म्हणून घर्षण खाली.

शिक्षकांनी पेपर बघितला आणि एकच विचारलं, "बाहेर पडल्यावर आठवलं का गं?"

या प्रश्नात निम्मं निदान आहे. बाहेर आल्यावर आठवलं, तर ते डोक्यात होतं, भीतीने अडवलं होतं. घरी निवांत बसून, पुस्तक मिटूनही आठवत नसेल, तर अभ्यासच कच्चा आहे आणि श्वासाचे कितीही व्यायाम केले तरी उपयोग नाही.

भीती नेमकं अडवते काय? गणित सोडवताना चिन्हं, आकडे, पुढची पायरी हे सगळं क्षणभर डोक्यात धरून ठेवावं लागतं. मानसशास्त्रात याला कार्यरत स्मृती म्हणतात आणि तिच्यात जागा फार थोडी. 'वेळ चाललाय, बाबा काय म्हणतील' हे विचार त्याच जागेत घुसतात. चौघांच्या बाकावर दोन आगंतुक येऊन बसावेत आणि हक्काचे दोघे उभे राहावेत, तसं.

मग चिंता आधीच कागदावर उतरवून टाकली तर? २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढायला सांगितलं आणि घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारलेले दिसले. ही युक्ती जगभर गाजली. मात्र २०१८ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. लिहिण्यात तोटा काही नाही, पण मी तरी त्यावर विसंबणार नाही.

मला जास्त पटतो तो अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातला २०१६ चा प्रयोग. काहींनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, काहींनी न बघता आठवून. दुसऱ्या दिवशी काही जणांना परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. पाहून शिकलेल्यांची आठवण या ताणाने घसरली, आठवून शिकलेल्यांची टिकली.

कल्याणीच्या शिक्षकांना हा प्रयोग माहीत नव्हता, पण त्यांनी सांगितलं तेच. "आता वाचणं पुरे. कोरा कागद घे." रोज संध्याकाळी डब्यातून एक चिठ्ठी काढायची, तिच्यावरचं डेरिव्हेशन आठ मिनिटांत लिहायचं, मगच वही उघडून ताडायचं. पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली. तोंडपाठ वाटणारी निम्मी डेरिव्हेशनं कागदावर उतरेनात. वाचताना ओळखीचं वाटणं आणि न बघता लिहिता येणं यात केवढं अंतर आहे, ते तिला इथे दिसलं. रविवारी सकाळी अकराला रिकाम्या वर्गात पूर्ण पेपर. सर मुद्दाम बाकामागून चपला वाजवत फिरायचे.

सुरुवातीच्या पाच मिनिटांचाही क्रम ठरला. पेन खाली. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, मिनिटभर. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. मग एका गुणाचे प्रश्न. कुठलाही प्रश्न दोन मिनिटं अडला, तर जागा सोडून पुढे.

बोर्डाच्या पेपरात ती ट्रान्सफॉर्मरच्या प्रश्नावर अडलीच. छाती धडधडली. अर्धं पान कोरं ठेवून ती पुढे गेली आणि शेवटच्या वीस मिनिटांत परत येऊन तीन पायऱ्या लिहिल्या. चौथी सुचली नाही.

एवढ्याने सगळ्यांचं भागत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, पेपरच्या दिवशी उलट्या होऊ लागल्या, मूल वर्गात जायलाच नकार देऊ लागलं किंवा 'जगूनच काय करू' असं बोललं, तर चिठ्ठ्यांचा डबा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.