खेळाचा तास गेला कुठे?

संध्याकाळी सहा वाजता सोसायटीच्या अंगणात एकच मुलगा बॅट घेऊन उभा असतो. एक मित्र क्लासला गेलेला, दुसरा नुकताच परतून दूध पीत बसलेला, तिसऱ्याचा गृहपाठ बाकी. पाच मिनिटं भिंतीवर चेंडू मारून तोही घरात जातो आणि टीव्ही लावतो. आई म्हणते, ‘‘खेळायला वेळ आहे, पण याला खेळायचंच नसतं.’’ मुलगा म्हणतो, ‘‘वेळच नसतो.’’ शाळेतल्या बाई म्हणतात, ‘‘आम्ही तर अगदी थोडा गृहपाठ देतो.’’

तिघांपैकी खरं कोण बोलतंय? बहुतेक वेळा तिघंही. प्रत्येकजण दिवसाचा आपल्याला दिसणारा तुकडाच मोजत असतो. पूर्ण दिवस पाहायचा असेल तर एक छोटीशी पाहणी पुरते. शाळेत प्रकल्प म्हणून ती सहज होते, आणि घरीही करता येते.

अंदाज नको, नोंद हवी

‘तू रोज किती तास खेळतोस?’ असा प्रश्न विचारला की पाहणी तिथंच फसते. कुणी रविवार आठवून उत्तर देतो, कुणी बाईंना आवडेल तसं सांगतो. म्हणून कालच्या दिवसाबद्दल विचारायचं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तीही याच पद्धतीने. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटींत मांडले गेले. त्यात सहा वर्षांवरील मुलांचाही समावेश होता.

शाळेतही हेच करावं. कागदावर ४८ चौकटी आखायच्या. नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता. कागद घरी न देता दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातच भरून घ्यायचा, नाहीतर तो आईवडील सांगतील तसा भरला जातो. एक शाळेचा दिवस आणि एक रविवार घ्यावा. परीक्षेचा आठवडा टाळावा. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववी असे चार वर्ग घेतले की इयत्तेप्रमाणे काय बदलतं ते दिसतं.

क्रिकेटचं कोचिंग आणि अंगणातला लपंडाव यांची नोंद मात्र वेगवेगळी हवी. कोचिंगमध्ये काय खेळायचं ते शिक्षक ठरवतात, अंगणात मुलं ठरवतात. दोन्ही ‘खेळ’ म्हणून एकत्र लिहिले तर मोकळा वेळ उगाच जास्त दिसतो.

एका मंगळवारचा हिशेब

समजा, सातवीतल्या एका मुलीने आपला मंगळवार लिहिला. सहाला उठली, पावणेसातला निघाली. साडेसात ते दीड शाळा, सव्वादोनला घरी. जेवण झाल्यावर तीन ते चार शाळेचा गृहपाठ. चारला क्लासची तयारी करून निघाली. साडेचार ते साडेसहा क्लास, सातला घरी. हातपाय धुऊन खाणं होईतो साडेसात. साडेसात ते साडेआठ क्लासचा गृहपाठ. मग जेवण, अर्धा तास टीव्ही, दप्तर भरणं आणि दहाला झोप.

आई सांगेल, ‘‘दोन तास क्लास आणि तासभर गृहपाठ.’’ म्हणजे तीन तास. कागदावर मात्र शाळेचा गृहपाठ एक तास, क्लासचा गृहपाठ आणखी एक तास, आणि जाण्यायेण्यासह क्लासचे तीन तास, असे पाच तास भरतात. जे दोन तास कुणीच मोजले नव्हते, तेच संध्याकाळ घेऊन गेले. खेळाच्या चौकटीत शून्य आलं.

शाळेने इथे नियम मोडलेला नाही. २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास आणि नववीपासून रोज जास्तीत जास्त दोन तास, अशी मर्यादा सुचवली आहे. या मुलीचा शाळेचा गृहपाठ त्यात बरोबर बसतो. पण ही मर्यादा फक्त शाळेच्या गृहपाठाची आहे. क्लासचा गृहपाठ आणि तिथे जाण्यायेण्याचा वेळ त्यात येतच नाही. म्हणून प्रकल्पात शाळेचा गृहपाठ, क्लासचा गृहपाठ, क्लास आणि प्रवास असे चार रकाने वेगळे ठेवले, तरच ओझं कुठून येतंय ते कळतं.

सरासरी फसवते

कागद गोळा झाले की मुलं लगेच सरासरी काढतात. समजा, पाच मुलांच्या खेळाची मिनिटं ०, ०, ०, ३० आणि १२० आहेत. सरासरी निघते ३० मिनिटं. अहवालात लिहिलं जाईल, ‘मुले रोज अर्धा तास खेळतात.’ प्रत्यक्षात पाचांपैकी तिघं खेळलीच नाहीत. म्हणून आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून मधला आकडा पाहावा. इथे तो शून्य आहे. जोडीला ‘किती मुले अजिबात खेळली नाहीत’ हेही लिहावं.

रिकामा वेळ, पण एकट्याचा

शेवटचा तक्ता सर्वांत बोलका ठरतो. एकाच वसाहतीत राहणाऱ्या मुलांचे कागद शेजारी ठेवून चार ते आठ या वेळेत, प्रत्येक अर्ध्या तासाला किती मुलं मोकळी आहेत ते मोजायचं. एक साडेचारला मोकळा, दुसरी सहाला, तिसरा साडेसातला, असं चित्र निघालं तर प्रत्येकाकडे अर्धा तास असूनही डबा ऐसपैस होणार नाही. एकट्याच्या अर्ध्या तासाचा टीव्ही किंवा मोबाइल होतो. अंगणातल्या त्या मुलाला खेळायचं नव्हतं असं नाही. त्याच्याबरोबर त्या वेळी मोकळं कुणीच नव्हतं.

उपायही इथूनच दिसतो. तीन-चार घरांनी बोलून संध्याकाळचा एक सामाईक तास ठरवावा आणि आठवड्यातून तीन दिवस तरी त्या वेळी क्लास ठेवू नये. एकाच क्लासला जाणाऱ्या मुलांचे पालक मिळून वेळ बदलून मागू शकतात. क्लासच्या सरांना विचारता येतं, ‘‘तिथेच सराव करून घ्याल का? घरचा वेगळा गृहपाठ नको.’’ घराजवळचा क्लास निवडला तर प्रवासाचा तास वाचतो.

या पाहणीलाही मर्यादा आहेत. एका वर्गाचे चाळीस कागद साऱ्या गावाबद्दल काही सांगत नाहीत. पावसाळ्यातला मंगळवार हिवाळ्यासारखा नसतो. क्लासमुळे गुण वाढले की नाहीत, हेही त्यातून कळत नाही. नववीच्या मुलाला एखाद्या विषयाची शिकवणी खरोखरच लागत असेल.

पण ती शिकवणी किती वेळ घेते, हे तरी आधी नक्की कळायला हवं. उद्या सकाळी चहाच्या वेळी मुलाला जवळ बसवून कालच्या ४८ चौकटी भरून पाहा. त्याने सांगावं, आईने लिहावं, मध्ये दुरुस्ती करू नये. चार ते आठच्या आठ चौकटी भरून होईपर्यंत ‘वेळच नसतो’ हे बहाणा होतं की हिशेब, ते समजून येईल.