नोकरी फेब्रुवारीत, बिऱ्हाड जूनमध्ये

पुण्यात राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर टेस्टरला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेंगळुरूच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, असं समजू. पगार मनासारखा, काम आवडीचं. साठ दिवसांचा नोटिस पीरियड धरून जॉइनिंगची तारीख 16 फेब्रुवारी. घरात मात्र मुलगी सातवीत, तिची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. पत्नी शाळेत शिक्षिका, तिलाही वर्ष अर्ध्यावर सोडता येत नाही. बेंगळुरूतल्या शाळा उघडणार जूनच्या सुमाराला. फेब्रुवारीत सगळं घर हलवायचं, तर मुलीला ऐन परीक्षेच्या तोंडावर दाखला काढावा लागेल.

अशा वेळी सुरुवातीचे काही महिने पुण्यातूनच काम करू द्या, असं विचारण्यात गैर काहीच नाही. पण विचारायचं कधी, याला फार महत्त्व आहे. ऑफर हातात आहे, त्यावर सही झालेली नाही आणि जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला नाही, एवढाच तो काळ. एकदा राजीनामा गेला की दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, की उमेदवाराला आता मागे फिरायला जागा उरलेली नाही.

पहिला फोन एचआरला नको. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरला करावा, कारण टीम लांबून चालेल की नाही हे तोच सांगू शकतो. त्याची तयारी दिसली, की त्याच दिवशी एचआरला मेल पाठवावा आणि मॅनेजरला त्यात सीसी ठेवावं.

बहुतेकांचा मेल इथेच फसतो. ‘घरगुती अडचणींमुळे काही महिने वर्क फ्रॉम होम मिळावं’ असं लिहिलं, की एचआरला वाटतं, हा माणूस बेंगळुरूला येणारच नाही. ही भीती निराधार नाही. कोविडनंतर कर्मचाऱ्यांना परत बोलावताना अनेक कंपन्यांची दमछाक झाली. टीसीएसने ऑक्टोबर 2023पासून पाचही दिवस ऑफिसला यायला सांगितलं. म्हणून ‘काही महिने’ या शब्दांच्या जागी तारीख हवी. मेल इंग्रजीत जाईल, मजकूर मात्र साधारण असा असावा:

‘ऑफरबद्दल आभार. मला ही नोकरी स्वीकारायची आहे. सही करण्यापूर्वी एक विनंती आहे. मुलीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते, त्यानंतर आम्ही सहकुटुंब बेंगळुरूला येत आहोत. 16 फेब्रुवारीला मी ऑफिसमध्ये हजर होईन आणि पहिले दोन आठवडे तिथेच राहीन. त्यानंतर 31 मेपर्यंत पुण्यातून काम करण्याची परवानगी मिळावी. या काळात दर महिन्याला एक आठवडा मी स्वखर्चाने ऑफिसला येईन. 1 जूनपासून कायम बेंगळुरूतून काम करीन. हे मान्य असल्यास ऑफर लेटरमध्ये तशी नोंद करावी.’

यातले पहिले दोन आठवडे अतिशय मोलाचे आहेत. लॅपटॉप, ओळखपत्र आणि टीमची ओळख ही कामं प्रत्यक्ष उरकली, की समोरच्याची निम्मी शंका फिटते. रात्रभराच्या बसने होणारी दर महिन्याची फेरी त्रासाची आहे खरी, पण तीच या विनंतीला वजन देते.

मेलची शेवटची ओळ गाळू नये. मॅनेजर तोंडी ‘हो’ म्हणतो, पुढे तो दुसऱ्या टीमला जातो आणि नवा मॅनेजर विचारतो, ही परवानगी दिली कुणी? शिवाय सिस्टिममध्ये ऑफिस बेंगळुरूचं आणि कार्ड पंच नाही, म्हणून गैरहजेरी लागते आणि रजा कापली जाते. हजेरी कशी नोंदवायची, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

दुसरी मेख स्थलांतर भत्त्याची. पॅकर्स-मूव्हर्सची बिलं जॉइन झाल्यापासून ठरावीक दिवसांत द्यावीत, अशी अट अनेक कंपन्यांत असते. सामान जूनमध्ये हललं, तर फेब्रुवारीपासून मोजलेली मुदत तोवर संपलेली असू शकते. ती सामान हलवण्याच्या तारखेपासून धरावी, एवढं एक वाक्य मेलमध्ये घालावं.

उत्तर सरळ होकाराचं नसेलही. महिन्याला दोन आठवडे या, असं कंपनी म्हणेल किंवा जॉइनिंगच पुढे ढकलेल. दोन्हींवर बोलता येतं. ‘आधी जॉइन व्हा, मग बघू’ हे उत्तर आलं, तर तो नकारच समजावा. मग एकट्याने पीजीत राहून चार महिने काढायचे की ऑफर सोडायची, हे घरात बसून ठरवावं लागेल.

नोकरी परदेशातली असेल, तर हा मार्ग फार अवघड. भारतात बसून तिथल्या कंपनीचं काम केल्यास कराचे आणि पगारपत्रकाचे प्रश्न उभे राहतात, त्यामुळे भारतात शाखा नसलेल्या कंपन्या सहसा नाही म्हणतात.

देशातल्या नोकरीत मात्र जरूर विचारावं. फक्त बदललेलं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.