सरासरी चाळीस, मध्यक तीस

घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीत दर आठवड्याला मॅनेजरकडे अहवाल जातो. त्यात ऑर्डर पोचायला लागलेल्या सरासरी वेळेशेजारी एक दिवस ‘मध्यक’ हा नवा रकाना दिसला, की तो कशाला, असा प्रश्न येणारच. डेटा ॲनालिस्टचं ईमेलमधलं उत्तर साधारण असं असेल:

‘मॅडम, समजा एका दुपारी नऊ ऑर्डरी गेल्या. त्यांना लागलेली मिनिटं चढत्या क्रमाने अशी: २४, २६, २७, २९, ३०, ३२, ३४, ३८ आणि १२०. बेरीज ३६०, म्हणून सरासरी ४०. पण नऊपैकी आठ ग्राहकांना जेवण त्याआधीच मिळालं. रांगेत मधोमध असलेली पाचवी ऑर्डर ३० मिनिटांची आहे, तोच मध्यक. पत्ता न सापडल्यामुळे शेवटच्या ऑर्डरीला २१० मिनिटं लागली असती, तर सरासरी ५० झाली असती. मध्यक मात्र ३०च राहिला असता.’

असं घडतं, कारण या वेळेला खालून मर्यादा आहे, वरून नाही. स्वयंपाक आणि प्रवास यांना काही मिनिटं लागणारच, त्यामुळे ऑर्डर फार लवकर पोचू शकत नाही. उशिराला मात्र अंत नसतो. म्हणून मोजक्या रखडलेल्या ऑर्डरी सरासरीला वर ओढतात.

तरीही सरासरी काढून टाकता येत नाही. तिला ऑर्डरींच्या संख्येने गुणलं की एकूण लागलेला वेळ मिळतो आणि मनुष्यबळाचा हिशेब त्यावरच बसतो. मध्यकावरून तो करता येत नाही. उलट, अर्ध्या ग्राहकांना जेवण किती वेळात मिळालं, हे सरासरी सांगू शकत नाही.

दोन्ही आकडे शेजारी असले की बिघाड कुठे शोधायचा तेही कळतं. मध्यक जागेवर राहून सरासरी वाढली, तर बहुधा थोड्याच ऑर्डरी अडकल्या आहेत. त्या एकेक उघडून पाहाव्यात. दोन्ही वाढले, तर बहुतेक सगळंच काम मंदावलं आहे: स्वयंपाकघर तुंबलं असेल, पाऊस असेल किंवा पोचवणारी मुलं कमी पडली असतील.

मध्यकालाही मर्यादा आहे. आपल्या उदाहरणातल्या शेवटच्या चारही ऑर्डरींना दोन-दोन तास लागले असते, तरी तो ३०वरच राहिला असता. त्यामुळे फक्त मध्यक दाखवणारा अहवाल जवळजवळ निम्म्या ग्राहकांचा त्रास लपवू शकतो. शिवाय अहवाल काढताना वाटेत असलेल्या ऑर्डरी हिशेबातून गळल्या, तर सर्वांत रखडलेल्याच गळण्याचा धोका असतो आणि दोन्ही आकडे खोटे चांगले दिसतात. म्हणून न पोचलेल्या ऑर्डरींची संख्याही त्याच ओळीत लिहावी.